पोस्टरवर ग्रेडियंट, शॅडो आणि टेक्स्चर किती लावायचं: दिवाळी पहाटच्या एका पोस्टरवरून

पार्ल्यातल्या एका मंडळाच्या दिवाळी पहाटचं पोस्टर मी करत होते, ए-थ्री साइज, सोसायट्यांच्या नोटीस बोर्डवर लावायला आणि तेच व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवायला. पहिलं वर्जन दाखवलं तेव्हा मंडळाचे काका म्हणाले, "चांगलंय, पण जरा फ्लॅट वाटतंय, थोडं उठावदार करा ना." मग मी टायटलला सोनेरी ग्रेडियंट दिला, त्याला मरून स्ट्रोक, बाहेरून ग्लो, खाली शॅडो, गायकांच्या फोटोंना पांढरी बॉर्डर आणि परत शॅडो, मागे जुन्या कागदाचं टेक्स्चर. स्क्रीनवर भारी वाटलं. लोअर परळच्या एका गाळ्यात प्रूफ काढलं तर आकाशात आडवे पट्टे, पणतीभोवती काळपट डाग, आणि "पहाटे ५.३० वाजता" ही सगळ्यात महत्त्वाची ओळ शोधावी लागत होती. ते पोस्टर मी परत शून्यातून केलं आणि त्यावेळी जे जे ठरवलं ते इथे क्रमाने लिहितेय. टूल फोटोशॉप धरलंय, पण आकडे आणि कारणं कुठल्याही सॉफ्टवेअरला लागू आहेत.

आधी फ्लॅट पोस्टर पूर्ण करा

इफेक्टला हात लावायच्या आधी पोस्टर सपाट रंगांत पूर्ण झालेलं पाहिजे. टायटल, तारीख-वेळ, गायकांची नावं, स्थळ, प्रवेशिका कुठे मिळतील, प्रायोजकांची पट्टी, हे सगळं जागेवर. मग फाइल ग्रेस्केल करून बघा आणि मोबाइलवर पाठवून हात लांब करून बघा. टायटल, मग वेळ, मग नावं असा क्रम डोळ्याला आपोआप मिळत नसेल तर अडचण साइजची किंवा मोकळ्या जागेची आहे, आणि ती शॅडोने सुटत नाही. माझ्या पहिल्या वर्जनमध्ये नेमकं हेच झालेलं, टायटल आणि गायकांची नावं जवळपास सारख्याच साइजची होती, म्हणून टायटल "उठत" नव्हतं आणि मी त्याला इफेक्टचे थर चढवत बसले. दुसऱ्यांदा टायटल नावांच्या साधारण तिप्पट केलं आणि आजूबाजूला जागा सोडली, तेव्हा काकांना जे हवं होतं त्यातलं निम्मं तिथेच मिळालं.

फ्लॅट वर्जन झालं की एका कागदावर लिहायचं की कुठला इफेक्ट कशासाठी हवाय. माझी यादी तीन ओळींची होती. ग्रेडियंट: पहाट दिसली पाहिजे, रात्र संपून उजाडतंय असं. शॅडो: पणती जमिनीवर ठेवलेली वाटली पाहिजे, हवेत तरंगायला नको. टेक्स्चर: आकाशाचा मोठा भाग प्लॅस्टिकसारखा गुळगुळीत वाटू नये. बास. ज्याचं काम एका वाक्यात सांगता आलं नाही ते पोस्टरवर आलं नाही, टायटलचा ग्लो त्यातच गेला.

ग्रेडियंट: मधला रंग तुम्ही ठरवा, सॉफ्टवेअरला ठरवू देऊ नका

पहाटेचं आकाश म्हणजे वर गडद निळा, खाली केशरी. मी वर `#1F2A5A` आणि खाली `#E98A3A` घेतला. दोनच रंग देऊन ग्रेडियंट ओढला तर मधोमध काय येतं ते हिशोबाने बघा: लाल ३१ आणि २३३ ची सरासरी १३२, हिरवा ४२ आणि १३८ ची ९०, निळा ९० आणि ५८ ची ७४. म्हणजे `#845A4A`, चक्क मातकट तपकिरी. आपण निळा आणि केशरी निवडला पण पोस्टरच्या ऐन मध्यावर, जिथे सगळ्यात जास्त नजर जाते, तिथे कोणीच न निवडलेला चिखल येऊन बसला. रंगचक्रात समोरासमोर असलेल्या कुठल्याही दोन रंगांत हे होतं, कारण सरळ सरासरी काढली की दोघं एकमेकांना मारतात आणि मधे करडा किंवा तपकिरी उरतो. अगदी शुद्ध निळा आणि शुद्ध पिवळा घेतलात तर मधे नुसता राखाडी मिळतो.

उपाय सोपा आहे, मधे तिसरा स्टॉप टाकायचा आणि तो डोळ्याने निवडायचा. पहाटेला निळ्यातून केशरीत जाताना आकाश गुलाबीसर होतं, म्हणून मी वरून साधारण ६५ टक्क्यांवर `#B5566E` ठेवला. ६५ मुद्दाम, कारण बरोबर ५० वर ठेवलं की तीन सारखे पट्टे रचल्यासारखं वाटतं, खऱ्या आकाशात उजेड क्षितिजाजवळ दाटलेला असतो आणि वर बराच वेळ निळंच राहतं. नव्या फोटोशॉपमध्ये ग्रेडियंट टूलच्या पट्टीवर `Method` मध्ये `Perceptual` निवडता येतं, त्याने मधला मळकेपणा बराच कमी होतो, तरीही मधला रंग स्वतः ठेवलेला बरा, कारण तोच ग्रेडियंट पुढे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये नेला की ही सोय तिथे असेलच असं नाही.

आता या ग्रेडियंटवर अक्षरं बसवायची आहेत, आणि इथेच बहुतेक पोस्टरं शॅडोच्या नादी लागतात. पांढरं अक्षर सगळीकडे चालत नाही. वेबवाल्यांचा कॉन्ट्रास्टचा एक नियम आहे, बारीक मजकुराला निदान ४.५ ला १ आणि मोठ्या अक्षरांना ३ ला १, तो पोस्टरलाही अंदाज म्हणून चांगला चालतो, आणि मोजायला फुकट कॉन्ट्रास्ट चेकर ढिगाने मिळतात. माझ्या रंगांवर मोजलं तर वरच्या निळ्यावर पांढरं अक्षर जवळजवळ १३.६ ला १, गुलाबीवर ४.६, आणि खालच्या केशरीवर फक्त २.६. म्हणजे टायटल आणि नावं वर पांढरी मस्त, पण खाली स्थळ आणि प्रवेशिकांची माहिती पांढऱ्यात लिहिली की ती विरघळते. पहिल्या वेळी मी तिथे पांढरंच ठेवून मागे काळी शॅडो दिली होती, आणि दहा पॉइंटच्या अक्षरामागे शॅडो म्हणजे अक्षराभोवती मळ. दुसऱ्या वेळी खालचा मजकूर वरच्याच गडद निळ्यात केला. निळा केशरीवर ५.३ ला १ भरतो. शॅडोची गरजच संपली, शिवाय वरचा रंग खाली परत दिसल्याने पोस्टर एकसंधही वाटायला लागलं.

फक्त एक जागा अडचणीची राहते, गुलाबी आणि केशरीच्या मधला पट्टा, तिथे पांढरा आणि निळा दोन्ही अर्धवटच वाचले जातात. त्या पट्ट्यात मी मजकूर ठेवलाच नाही, तिथे पणतीची ज्योत आली. ग्रेडियंट वापरायचा तर ही जागा आधीच शोधून ठेवा, प्रत्येक लांब ग्रेडियंटमध्ये ती कुठेतरी असतेच.

आणि संपूर्ण पोस्टरवर हा एकच ग्रेडियंट. प्रायोजकांची पट्टी फ्लॅट, टायटल फ्लॅट. टायटलमधल्या ग्रेडियंटबद्दल जरा थांबून सांगते, कारण देवनागरीत त्याची एक वेगळीच भानगड आहे जी रोमन लिपीवाल्या ट्युटोरियलमध्ये कोणी सांगत नाही.

देवनागरी टायटलला ग्रेडियंट दिला की काय होतं

माझं टायटल दोन ओळींत होतं, वर "दिवाळी" आणि खाली "पहाट", दोन वेगळ्या लेयरवर, दोन्हींना वरून फिकट पिवळा ते खाली गडद सोनेरी असा तोच `Gradient Overlay`. तरी दोन शब्द वेगवेगळ्या रंगाचे दिसत होते आणि मला अर्धा तास कळेना का. मग झूम करून शिरोरेषा बघितली. "पहाट"ची शिरोरेषा सगळ्यात फिकट पिवळी आणि "दिवाळी"ची त्याहून बरीच गडद. कारण असं, ग्रेडियंट लेयरच्या एकूण उंचीत मोजला जातो. "दिवाळी"त दोन वेलांट्या शिरोरेषेच्या वर जातात, म्हणजे मोजणी वेलांटीच्या टोकापासून सुरू होते आणि शिरोरेषेपर्यंत येईतो रंग बराच खाली सरकलेला असतो. "पहाट"ला वर काहीच नाही, तिथे मोजणी थेट शिरोरेषेपासून. उकार असलेला शब्द घेतलात तर हाच घोळ खालच्या बाजूने होतो.

टायटलला ग्रेडियंट हवाच असेल तर दोन मार्ग. `Gradient Overlay` मधली `Align with Layer` ही खूण काढायची, मग ग्रेडियंट शब्दाच्या उंचीऐवजी पूर्ण पानाच्या मापाने चालतो, किंवा दोन्ही ओळींचा एक ग्रुप करून त्यावर एकच ग्रेडियंटचा लेयर क्लिप करायचा. आणि ग्रेडियंटची दोन टोकं जवळची ठेवायची, एकाच रंगाच्या दोन छटा, इतक्या जवळच्या की फिकट टोकालाही मागच्या रंगावर अक्षर ठसठशीत दिसलं पाहिजे. सोन्याच्या दागिन्यासारखं पिवळं-तपकिरी-पिवळं-तपकिरी असा पट्टेदार ग्रेडियंट देवनागरीला अजिबात देऊ नका. शिरोरेषा सलग आडवी असल्यामुळे तिच्यावर नेमका एकच पट्टा येतो आणि ती अक्षरांपासून तुटून वेगळी पट्टी मारल्यासारखी दिसते.

स्ट्रोकचंही असंच. काही मराठी फॉन्टमध्ये अक्षरं शिरोरेषेवर एकमेकांवर थोडी चढलेली असतात. नुसत्या भरीव रंगात ते दिसत नाही, पण इलस्ट्रेटरमध्ये आउटलाइन करून स्ट्रोक दिला की प्रत्येक सांध्यावर उभी रेघ उगवते. आधी `Pathfinder` मधून `Unite` करा, मग स्ट्रोक द्या. मी शेवटी टायटल सरळ एका फिकट पिवळ्या रंगात ठेवलं, निळ्यावर ते इतकं स्वच्छ उठलं की बाकी काही लागलं नाही.

पट्टे का पडतात आणि टेक्स्चर तिथे कसं कामाला येतं

प्रूफवर आकाशात जे आडवे पट्टे आले त्याला बँडिंग म्हणतात. साध्या ८ बिट फाइलमध्ये प्रत्येक रंगाच्या चॅनलला २५६ च पायऱ्या असतात. माझ्या आकाशाचा वरचा साधारण ५५ मिलीमीटरचा भाग जवळपास सारखाच निळा, तिथे लाल चॅनल जेमतेम ३० पायऱ्या चढतो. ३० पायऱ्या ५५ मिलीमीटरमध्ये वाटल्या की एक पायरी जवळपास २ मिलीमीटर रुंद झाली. बाकीचे दोन चॅनल आपापल्या ठिकाणी बदलतात म्हणून प्रत्यक्षात पायऱ्या याहून जास्त पडतात, पण तरी त्या डोळ्याला कळण्याइतक्या रुंद राहतात, विशेषतः गडद रंगात. म्हणजे जितका मोठा भाग आणि जितका कमी रंगबदल, तितके पट्टे पडायची शक्यता जास्त. स्क्रीनवर पूर्ण पोस्टर छोटं करून बघताना ते लपतात म्हणून १०० टक्क्यांवर जाऊन आकाशभर फिरा, आणि तात्पुरता एक `Curves` लेयर टाकून कॉन्ट्रास्ट खूप वाढवून बघा, पट्टे असतील तर उघडे पडतात. बघून झालं की तो लेयर काढून टाका.

यावर नेहमीचा उपाय म्हणजे ग्रेडियंटवर किंचित नॉइज, `Add Noise` मध्ये दीड-दोन टक्के, `Gaussian` आणि `Monochromatic`. नॉइजने पायरीची कड विस्कटते, त्यामुळे डोळ्याला सरळ रेघ सापडत नाही. ग्रेडियंट टूलमध्ये `Dither` ची खूणही चालू ठेवा, तीही हेच काम हलक्या हाताने करते.

पण माझ्या यादीत टेक्स्चर आधीच होतं, आणि कागदाचा बारीक खरखरीतपणा पायऱ्यांच्या कडा तसाच विस्कटतो. म्हणून नॉइज आणि टेक्स्चर दोन्ही लावायचं कारण नव्हतं, दोघांचं काम एकच. प्रिंटच्या फाइलमध्ये मी फक्त टेक्स्चर ठेवलं. जिथे दोन इफेक्ट एकच काम करत असतात तिथे एक काढला की पोस्टर लगेच मोकळं होतं, आणि माझ्या अनुभवात गर्दी वाटणाऱ्या बहुतेक पोस्टरांमध्ये हेच होत असतं, अक्षराला स्ट्रोक पण आणि शॅडो पण, फोटोला बॉर्डर पण आणि ग्लो पण.

टेक्स्चर तयार करताना

नेटवरून उचललेलं डागाळलेल्या जुन्या कागदाचं टेक्स्चर मी पहिल्यांदा वापरलेलं आणि तेच चुकलं. त्याचे कोपरे तपकिरी जळकट, मधे उजेड, एका बाजूला चहाचा डाग. ते आकाशावर टाकलं की माझा ग्रेडियंट गेला आणि त्या कागदाचा स्वतःचा उजेड-अंधार पोस्टरवर आला. टेक्स्चरमधून आपल्याला फक्त पोत हवा असतो, त्याचा रंग नको आणि त्याचे मोठे उजेड-अंधाराचे भागही नकोत.

म्हणून मी हातकागदाची एक शीट ३०० डीपीआयला स्कॅन केली. घरी स्कॅनर नसेल तर खिडकीजवळ कागद टेबलावर ठेवून तिरप्या उजेडात फोटो काढा, समोरून फ्लॅश मारलात तर पोत सपाट होतो, बाजूने उजेड आला की प्रत्येक धाग्याची बारीक सावली पडते आणि तोच पोत. मग फाइल ब्लॅक अँड व्हाइट करायची, आणि `High Pass` फिल्टर लावायचा, रेडियस मी ६० पिक्सेल ठेवला. हा फिल्टर मोठे डाग आणि एका बाजूचा अंधार काढून टाकतो आणि सगळं मधल्या राखाडीवर आणतो, फक्त बारीक खरखर उरते. हे महत्त्वाचं अशासाठी की `Overlay` आणि `Soft Light` या ब्लेंड मोडमध्ये ५० टक्के राखाडी म्हणजे काहीच बदल नाही. टेक्स्चरचा सरासरी रंग तिथे असला की पोस्टर ना काळवंडतं ना पांढुरकं होतं. `Multiply` वापरलात तर कुठलंही टेक्स्चर फक्त काळोखच वाढवतं, मग आपण परत ब्राइटनेस वाढवतो आणि रंग मळतात.

मी `Soft Light` वर ठेवून ओपॅसिटी शून्यापासून हळूहळू वाढवली. पोत पहिल्यांदा जाणवला तो १८ च्या आसपास, तिथून मागे येत १२ वर थांबले. ही पद्धत मी कायम वापरते, आधी दिसेपर्यंत वाढवा आणि मग त्याच्या साधारण दोन तृतीयांशवर या. टेक्स्चर "दिसलं" की लोक टेक्स्चरच बघतात.

मग मास्क. बारीक मजकूर, गायकांचे चेहरे आणि प्रायोजकांचे लोगो, या तीन ठिकाणांवरून टेक्स्चर पूर्ण पुसलं. चेहऱ्यावर कागदाचे धागे आले की कातडीवर डाग असल्यासारखं दिसतं, आणि लोगोवर पोत आलेला प्रायोजकांना अजिबात चालत नाही, तो त्यांचा हक्कच आहे. देवनागरीत बारीक अक्षराचे अनुस्वार आणि नुक्ते पोताच्या ठिपक्यांत हरवतात, "मंच" चा "मच" व्हायला वेळ लागत नाही. टायटल मोठं होतं म्हणून त्यावर पोत राहू दिला, त्यामुळे ते आकाशावर चिकटवल्यासारखं न वाटता छापल्यासारखं वाटलं.

शॅडो: एकाच वस्तूला, पण नीट

आता पणती. फोटो कापून खाली ठेवलेला आणि तो तरंगत होता. पहिल्या वेळी मी फोटोशॉपची साधी `Drop Shadow` लावली, काळी, तिरकी, ७५ टक्के. त्याने पणती जमिनीवर बसत नाही, ती भिंतीवर चिकटवलेल्या स्टिकरसारखी दिसते, कारण ड्रॉप शॅडो म्हणजे वस्तूच्याच आकाराची मागच्या सपाट भिंतीवर पडलेली सावली. जमिनीवर ठेवलेल्या वस्तूची सावली तिच्या बुडाशी असते आणि चपटी असते.

घरात एक पणती जमिनीवर ठेवा आणि बघा. बुड जिथे टेकतं तिथे अगदी बारीक, जवळजवळ काळी रेघ असते, आणि तिथून बाहेर सावली पसरत, फिकी होत, धूसर होत जाते. म्हणजे दोन वेगळ्या सावल्या. मी त्या दोन वेगळ्या लेयरवर काढल्या. पहिली, बुडाखाली चपटी लंबगोल, `Gaussian Blur` १२ पिक्सेल, ओपॅसिटी ५५. दुसरी त्याच्या बाहेर, रुंद लंबगोल, ब्लर ९० पिक्सेल, ओपॅसिटी १८, थोडी खाली म्हणजे आपल्याकडे सरकवलेली, कारण पोस्टरवर उजेड क्षितिजाकडून, मागून येतोय. हे पिक्सेलचे आकडे ३०० डीपीआयच्या ए-थ्रीचे आहेत, म्हणजे ३५०८ बाय ४९६१ च्या फाइलचे, तिथे १२ पिक्सेल म्हणजे कागदावर १ मिलीमीटर. तुमची फाइल छोटी असेल तर त्याच प्रमाणात कमी करा, मोबाइलसाठीच्या १०८० रुंदीच्या फाइलवर ९० चा ब्लर लावलात तर सावली उरणारच नाही.

रंग काळा नाही. केशरी जमिनीवर काळी सावली टाकली की छपाईत ती राखेसारखी करडी दिसते, माझ्या प्रूफवरचा काळपट डाग तोच होता. जमिनीचाच रंग गडद करून घ्यायचा. मी `#4A1F2E` घेतला, तपकिरी-जांभळा, आणि मोड `Multiply`. सावलीत खालचा केशरी जिवंत राहिला.

तपासायची रीत अशी, सावलीच्या लेयरचा डोळा बंद-चालू करा. बंद केल्यावर पणती तरंगायला लागली पाहिजे, आणि चालू असताना तुम्हाला आधी पणती दिसली पाहिजे. आधी सावली दिसत असेल तर ओपॅसिटी कमी करा. बंद-चालू करून काहीच फरक कळत नसेल तर ती सावली काढूनच टाका.

गायकांच्या फोटोंना सावली दिलीच नाही. दोन फोटो वेगवेगळ्या ठिकाणचे, एकीवर उजेड डावीकडून, दुसरीवर समोरून फ्लॅश. अशा दोघींना सारखी शॅडो दिली की खोटेपणा वाढतो. फोटो आरशासारखा उलटा करून उजेड जुळवावा असं वाटलं होतं, पण साडीचा पदर भलत्या खांद्यावर जातो आणि घरच्यांच्या ते पहिल्या नजरेत लक्षात येतं, ते कधीच करू नका. मी दोन्ही फोटो `Gradient Map` ने निळा ते फिकट पिवळा अशा दोन रंगांत आणले, त्याने उजेडातला फरक बराच झाकला गेला आणि पांढरी बॉर्डर, ग्लो वगैरे काही लागलं नाही.

छापायला आणि पाठवायला

इलस्ट्रेटरमध्ये काम असेल तर `Effect` मेनूत `Document Raster Effects Settings` उघडून ३०० करून घ्या. तिथे ७२ राहिलं असेल तर स्क्रीनवर मऊ दिसणारी शॅडो छापताना चौकटी-चौकटींची येते. पीडीएफ देताना प्रेसवाल्याला विचारा की ट्रान्सपरन्सी चालते का, चालत असेल तर `PDF/X-4` द्या. चालत नसेल तर सपाट केलेली फाइल द्या, आणि एकदा तरी प्रूफ बघाच, कारण शॅडोभोवती हलका चौकोन येण्याचा प्रकार पीडीएफ नीट न वाचणाऱ्या मशीनवर होतो आणि स्क्रीनवर तो दिसत नाही. पूर्ण ए-थ्री प्रूफ महाग वाटत असेल तर फक्त पणती आणि तिच्यावरचा आकाशाचा तुकडा खऱ्या मापात ए-फोरवर काढा, गडबड असेल तर तिथेच असते.

मोबाइलची फाइल वेगळी करावी लागते, प्रिंटची छोटी करून पाठवायची नाही. ४९६१ पिक्सेलची उंची १३५० वर आली की कागदाचे धागे एकमेकांत मिसळून नुसती धूळ दिसते. मी त्या फाइलमधून टेक्स्चर काढलं, ग्रेडियंट त्या मापात नव्याने ओढला आणि त्यावर नॉइज दिला, वर सांगितलेल्या दीड-दोनपेक्षा किंचित जास्त, ३ टक्के. व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून पाठवतं तेव्हा बारीक नॉइज पुसलं जातं आणि पट्टे परत येतात, म्हणून पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, निदान ज्या ग्रुपमधून ते पुढे जाणार आहे त्या पहिल्या ग्रुपवर तरी.

फ्लेक्स करायचा असेल, स्टेशनबाहेर किंवा मैदानाच्या गेटवर, तर टेक्स्चर तिथेही काढा. लांबून पोत दिसत नाही, रंग मात्र मळकट वाटतो. पणतीची बाहेरची सावली मी फ्लेक्सच्या फाइलमध्ये १८ वरून १२ वर आणली, कारण गडद भाग छापताना आणखी दाटतात.

दुसरं प्रूफ मी काकांना टेबलावर दाखवलं नाही, त्यांच्याच सोसायटीच्या गेटजवळच्या बोर्डवर पिनने लावलं, संध्याकाळी, ट्यूबलाइटखाली, आणि दोघं रस्त्याच्या पलीकडे जाऊन उभे राहिलो. काका वाचायला लागले, "दिवाळी पहाट... पहाटे साडेपाच..." आणि मग म्हणाले, "हे बघ, आता कसं उठून दिसतंय. काय काय टाकलंस यात?" मी त्यांना लेयरची यादी मोबाइलवर दाखवली, आकाशाचा एक ग्रेडियंट, पणतीच्या दोन सावल्या आणि कागदाचा पोत १२ टक्क्यांवर.